दुबईच्या नोकरीचा कागद हातात आला, तर आधी काय तपासायचं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडासमोर माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचे फॉर्म ही रोजची कामं. गेल्या चार-पाच वर्षांत त्यात एक काम वाढलं, ते म्हणजे परदेशी जाणाऱ्या पोरांच्या कागदांच्या झेरॉक्स. एका सकाळी शेजारच्या खेड्यातला एक पोरगा आला. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, वय तेवीस.

"भाऊ, याच्या दोन कलर झेरॉक्स काढून द्या. अन् एक लॅमिनेशन करा."

"काय हाये हे?"

"व्हिसा हाये माहा. दुबईचा. सोमवारी एक लाख द्या लागते, मंग तिकीट येते."

मोबाइलवरची पीडीएफ मी कॉम्प्युटरवर उघडली. वर संयुक्त अरब अमिरातीचं चिन्ह होतं, पोराचं नाव आणि पासपोर्ट नंबर बरोबर होता, फोटोही त्याचाच. खाली एका ओळीत मात्र इंग्रजीत TOURIST असं छापलेलं होतं. पोराने ती ओळ वाचली होती. एजंटाने त्याला सांगितलं होतं की आधी असाच येतो, तिकडे गेल्यावर कंपनी बदलून देते.

लॅमिनेशन राहू दिलं आणि त्याला खुर्ची दिली. पुढचे दोन तास आम्ही जे तपासलं, ते त्याच क्रमाने इथे लिहितो. उदाहरण अमिरातीतल्या नोकरीचं आहे, कारण आमच्याकडून सगळ्यात जास्त पोरं तिकडेच निघतात. सौदी, कतार, ओमानला भारतातला भाग हाच लागू पडतो, तिकडच्या वेबसाइटी तेवढ्या वेगळ्या.

आधी त्याचं म्हणणं कागदावर उतरवा

एजंट बोलतो फार, लिहून काही देत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे तो जे जे बोलला ते एका कोऱ्या कागदावर लिहून काढणं. या पोराचा कागद असा झाला: कंपनीचं नाव "तिकडे गेल्यावर कळेल, ग्रुप मोठा आहे". पगार 2,200 दिरहम, राहणं आणि कामावर ने-आण फुकट. एकूण खर्च 1,60,000 रुपये. त्यातले 20,000 फाइल चार्ज म्हणून दिलेले, 1,00,000 व्हिसा आल्यावर, 40,000 विमानाच्या आधी. "काम नाही लागलं तर पैसे वापस, शंभर टक्के गॅरंटी, स्टॅम्पवर लिहून देतो."

दिरहम साधारण 24 रुपयांना धरला तर पगार महिन्याला बावन्न हजारांच्या आसपास जातो. इलेक्ट्रिशियनला असा पगार मिळू शकतो, त्यात अशक्य काही नाही. म्हणूनच पोरगं फसतं. पगार दीड-दोन लाख सांगितला असता तर त्याच्या बापालाही शंका आली असती.

कागद झाला की कंपनीच्या नावाची ओळ बघा. ती कोरी असेल तर पुढचं बरंचसं तपासताच येत नाही, आणि नाव न सांगण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

लायसन्स एजंटाच्या भिंतीवर बघायचं नाही

भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायची तर 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. ती परराष्ट्र मंत्रालयाचं प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स हे कार्यालय देतं. महाराष्ट्रासाठी त्यांच्या हाताखालचं प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय मुंबईत आहे. दुकानाचा गुमास्ता परवाना, जीएसटी नंबर, उद्यम नोंदणी, आयएसओचा बिल्ला ही सगळी कागदं भिंतीवर छान दिसतात, पण त्यांतलं एकही माणसं पाठवायचा परवाना नाही. गुमास्ता तर माझ्याही केंद्राचा आहे.

नोंदणी असलेल्या एजन्सीला एक लायसन्स नंबर मिळतो. तो B या अक्षराने सुरू होतो, मध्ये शहराचं छोटं रूप येतं, मुंबईचं असेल तर MUM, आणि पुढे आडव्या रेघा मारून बाकीचे आकडे. हा नंबर ऑफिसात आणि प्रत्येक जाहिरातीत, अगदी व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जाहिरातीतही, दिसला पाहिजे असं मंत्रालयाने सांगितलेलं आहे. या पोराकडच्या जाहिरातीत विमान होतं, बुर्ज खलिफा होता, नंबर नव्हता.

आम्ही फोन करून नंबर मागितला. एजंटाने दहा मिनिटांत मुंबईच्या एका एजन्सीच्या लायसन्सचा फोटो पाठवला. "आपन त्यायचेच मानसं," असं वर सांगितलं. बरेच जण इथे थांबतात, कारण लायसन्स तर दिसलं.

फोटोवर थांबू नका. मोबाइलवर हा पत्ता टाका:

```
emigrate.gov.in
```

इथे नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटांची यादी सगळ्यांसाठी खुली आहे, लॉगिन लागत नाही. एजन्सीचं नाव किंवा नंबर टाकून शोधा आणि तीन गोष्टी वाचा. पहिली म्हणजे लायसन्सची आजची स्थिती. मुदत संपलेली, निलंबित केलेली आणि रद्द झालेली लायसन्संही असतात आणि त्यांचे फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतात. दुसरी, नाव अक्षरशः तेच आहे का. "इंटरनॅशनल"च्या जागी "ओव्हरसीज" असेल तर ती दुसरी कंपनी समजा. तिसरी म्हणजे यादीत दिलेला पत्ता आणि फोन. याच साइटवर बेकायदा एजंटांचीही यादी आहे. तिच्यात नाव सापडलं तर विषय संपला. पण नाव सापडलं नाही म्हणून माणूस चांगला ठरत नाही, त्याच्याविरुद्ध अजून कुणी तक्रार केली नसेल एवढाच त्याचा अर्थ.

यानंतरचा फोन एजंटाला करायचा नाही. यादीत जो नंबर दिसतो त्यावर करायचा. आम्ही केला. मुंबईची एजन्सी खरी निघाली, लायसन्सही चालू होतं. पण आमच्या जिल्ह्यात त्यांचा कुणी माणूस नव्हता आणि त्या महिन्यात अमिरातीसाठी इलेक्ट्रिशियनची मागणीही त्यांच्याकडे नव्हती. तिकडची बाई वैतागून म्हणाली, या आठवड्यातला हा चौथा फोन.

सब-एजंट हा प्रकार या कायद्यात बसतच नाही. "मी फक्त पोरं गोळा करून देतो, लायसन्स साहेबांचं" असं म्हणणाऱ्याला लायसन्सचं संरक्षण नसतं आणि त्याच्यामार्फत जाणाऱ्यालाही नसतं. एजन्सीची शाखा असेल तर तीही त्यांच्या नोंदणीत दाखवलेली हवी. फोनवर बोलताना तीन प्रश्न विचारा: हा माणूस तुमचा आहे का, या कंपनीची या कामासाठीची मागणी सध्या तुमच्याकडे आहे का, आणि इंटरव्ह्यू कुठे, कधी आहे. खऱ्या एजन्सीकडे परदेशी कंपनीचं मागणीपत्र असतं, कोणत्या कामासाठी किती माणसं आणि किती पगार ते त्यात लिहिलेलं असतं. ते दाखवायला त्यांना अडचण नसते.

एक पळवाट ऐकायला मिळेलच: "तुझा पासपोर्ट ईसीएनआर आहे, तुला ते ई-मायग्रेट लागत नाही." यात अर्धं खरं आहे. दहावी पास असलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का नसतो आणि आखातासह 18 देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागत नाही. पण ती सूट पोराला आहे. एजंटाला लायसन्स लागतंच.

पैशाचा हिशेब

नोंदणीकृत एजन्सी उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये घेऊ शकते. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,400. एकूण 35,400. आणि त्याची पावती द्यावी लागते.

आता 1,60,000 शी ताळा करा. एजंट ही रक्कम फोडून सांगतो. आमच्या पोराला त्याने सांगितलेली फोड होती व्हिसा 70,000, कंपनी कमिशन 40,000, तिकीट 25,000 आणि बाकी "प्रोसेस". ऐकताना सगळं रास्त वाटतं, म्हणून एकेक बघू.

अमिरातीत कामाच्या परवान्याचा आणि नोकरीच्या व्हिसाचा खर्च मालकाने करायचा असतो. तिथल्या कामगार कायद्यात, 2021 च्या 33 क्रमांकाच्या कायद्यात, भरतीचा खर्च कामगाराकडून सरळ किंवा आडवळणाने वसूल करायला मालकाला मनाई आहे. म्हणजे नोकरीचा व्हिसा खरा असेल तर त्याचे 70,000 रुपये पोराने द्यायचं कारण नाही. टुरिस्ट व्हिसा असेल तर तो कुठलाही ट्रॅव्हल एजंट काही हजारांत काढून देतो. "कंपनी कमिशन"ही त्याच मनाईत बसतं. आणि तिकिटाचं म्हणाल, तर चांगले मालक जाण्या-येण्याचं तिकीट, राहणं आणि विमा स्वतः देतात, असं मंत्रालयाच्या सूचनेतही आहे.

थोडं कडू वाटेल, पण सांगतो: लायसन्स असलेल्या एजन्सीही 35,400 च्या वर मागतात. लायसन्स चालू आहे म्हणून हिशेब बघायचा सोडू नका. वरचे पैसे "रोख द्या, पावती तीस हजारांचीच मिळेल" असं म्हणाले तर ते बेकायदा घेत आहेत हे त्यांनाही ठाऊक आहे. तक्रार करायची वेळ आली तर दाखवायला तुमच्याकडे फक्त तीस हजारांचीच पावती राहील.

पैसे द्यायचेच तर एजन्सीच्या नावाच्या खात्यावर द्या. आमच्या पोराने 20,000 पाठवले होते ते एका बाईच्या नावाच्या यूपीआयवर. ती एजंटाची वहिनी निघाली.

व्हिसाच्या कागदावर काय वाचायचं

"व्हिसा खरा आहे का?" असं विचारत लोक येतात. फसवणारा याच प्रश्नाची वाट बघत असतो. आमच्या पोराचा व्हिसा खरा होता. सरकारी साइटवर टाकला तर तो वैध म्हणून दाखवत होता, आणि एजंटाने त्याच्या बापासमोर तो तसा उघडून दाखवलाही होता. बाप खूश झाला आणि कापसाचे आलेले पैसे बाजूला काढून ठेवले. तेव्हा खरा आहे की खोटा एवढ्यावर थांबू नका, कशाचा आहे ते विचारा.

कागदावर तीन जागा शोधा. पहिली जागा प्रकाराची. तिथे TOURIST किंवा VISIT असेल तर तो फिरायला जायचा परवाना आहे. नोकरीच्या प्रवेश-परवान्यावर EMPLOYMENT किंवा WORK असा उल्लेख येतो. दुसरी जागा प्रायोजकाची, SPONSOR किंवा HOST अशी. नोकरीचा असेल तर इथे कामावर घेणाऱ्या कंपनीचं नाव पाहिजे. आमच्या कागदावर एका टुरिझम कंपनीचं होतं. तिसरी जागा PROFESSION, म्हणजे व्यवसायाची. ती कोरी असेल किंवा भलतंच काही लिहिलेलं असेल तर तो तुमच्या कामाचा कागद नाही.

दिवसांच्या आकड्यावरून मात्र काही ठरवू नका. नोकरीच्या प्रवेश-परवान्यावरही मुदत थोड्याच दिवसांची असते, कारण दोन वर्षांचा निवास-परवाना तिकडे पोचून मेडिकल आणि ओळखपत्राचं काम झाल्यावर होतो. "दोन वर्षांचा व्हिसा कुठे आहे?" असा प्रश्न तुम्ही विचारलात तर एजंट हसून हेच सांगेल, आणि या एका गोष्टीत त्याचं बरोबर असेल.

स्वतः पडताळायचं तर व्हिसाचा क्रमांक बघा. 201 ने सुरू होणारा परवाना दुबईचा असतो, तो दुबईच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर तपासला जातो. बाकीच्या अमिरातींचे दुसऱ्या साइटवर. दोन्ही पत्ते असे:

```
gdrfad.gov.ae
smartservices.icp.gov.ae
```

दुसऱ्या साइटवर File Validity नावाची सेवा आहे. तिथे पासपोर्टचा पर्याय निवडून नंबर, पासपोर्टची मुदत आणि राष्ट्रीयत्व टाकलं की फाइल सापडते. ही साइट एजंटाने पाठवलेल्या लिंकवरून किंवा क्यूआर कोडवरून उघडू नका, पत्ता स्वतः टाइप करा. हुबेहूब दिसणारी नकली पानं बनवणं अवघड नाही.

टुरिस्ट व्हिसावर तिकडे काम करणं बेकायदा आहे. मालकाला 2024 च्या दुरुस्तीनंतर यासाठी एक लाखापासून दहा लाख दिरहमपर्यंत दंड आहे, म्हणून कायद्याने चालणारी कंपनी असं करत नाही. जे ठेवून घेतात ते पगार बुडवायच्या तयारीनेच ठेवून घेतात, कारण या माणसाला तक्रारीसाठी जायला तोंड नसतं. मुदत संपल्यावर रोज 50 दिरहम, म्हणजे बाराशे रुपयांच्या आसपास दंड चढत जातो. तीन महिने अडकला तर लाखाच्या वर गेला.

"तिकडे बदलून देतात" हेही पूर्ण खोटं नाही. अमिरातीत असताना खरी नोकरी मिळाली तर व्हिसा बदलता येतो. पण तो बदलते नोकरी देणारी कंपनी, आणि इथे कंपनीचं नावच नाही.

या सगळ्या तपासण्यांपेक्षा मला एका वाक्यावर जास्त भरवसा आहे. एजंटाला साधेपणाने विचारा: "एअरपोर्टवर विचारलं तर काय सांगायचं?" आमच्या पोराला त्याने आधीच शिकवून ठेवलं होतं. "फिरायला चाललो म्हणायचं, हॉटेलचं बुकिंग दाखवायचं, वापसीचं तिकीट दाखवायचं, पान्ह्याची बॅग न्यायची नाही." खऱ्या नोकरीवर जाणाऱ्याला कुणी खोटं बोलायला शिकवत नाही.

ऑफर लेटर

आमच्या पोराकडे ऑफर लेटर म्हणून एक पानाचं पत्र होतं. रंगीत लेटरहेड, गोल शिक्का, खाली सही, आणि जीमेलचा पत्ता. अमिरातीत खासगी कंपनी परदेशातून माणूस बोलावते तेव्हा तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या ठरीव नमुन्यात ऑफर लेटर काढते. प्रवेश-परवाना निघण्याआधी त्यावर कामगाराची सही लागते. ते अरबी आणि इंग्रजीसोबत कामगाराला कळेल अशा तिसऱ्या भाषेत देता येतं. त्या भाषांमध्ये मराठी नाही, पण हिंदी आहे, आणि हिंदी आपल्या पोरांना वाचता येते. तेव्हा हिंदीतली प्रत मागायला लाजू नका.

त्यात मूळ पगार वेगळा आणि भत्ते वेगळे लिहिलेले असतात. ही ओळ हळू वाचा. एजंट 2,200 म्हणतो आणि कागदावर मूळ पगार 900, बाकी ओव्हरटाइम धरून, असं निघतं. नोकरी सुटल्यावर मिळणारी रक्कम मूळ पगारावर मोजतात, एजंटाच्या आकड्यावर नाही. कामाचं नावही बघा. इलेक्ट्रिशियन म्हणून बोलावलं आणि कागदावर हेल्पर असेल तर तिकडे तुम्ही हेल्परच.

पत्रावर मंत्रालयाचा क्रमांक असतो, सहसा MB ने सुरू होऊन AE ने संपणारा. तो `mohre.gov.ae` या साइटवरच्या चौकशी सेवेत टाकून बघता येतो. आमच्या पत्रावर असा क्रमांकच नव्हता, त्यामुळे ही तपासणी मिनिटभरात उरकली.

स्टॅम्पपेपरवरची गॅरंटी

आता त्या गॅरंटीकडे येऊ. पोराच्या बापाचा सगळा भार तिच्यावर होता. "स्टॅम्पवर लेहून देऊन राह्यला ना बाप्पा तो, मंग कायचं भेव?"

मी मसुदा मागवला. 500 चा स्टॅम्पपेपर, नोटरीची जागा सोडलेली. आतलं वाक्य साधारण असं होतं: लिहून देणार यांनी लिहून घेणार यांच्याकडून घरगुती अडचणीकरिता 1,60,000 रुपये हातउसने घेतले असून ते सवडीने परत करतील. नोकरी, दुबई, व्हिसा, तारीख यांतला एकही शब्द त्यात नव्हता.

बापाला वाटलं, चांगलंच आहे, पैसे घेतल्याचं कबूल तर करतो. पण या एका शब्दाने, हातउसने, नोकरीची फसवणूक पुसली जाते आणि उसनवारीचा व्यवहार उभा राहतो. उद्या ठाण्यात गेलं की कागद बघून "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा" असं ऐकायला मिळतं. उत्प्रवासन कायद्याचं तर नावच निघत नाही. आणि "सवडीने" म्हणजे कधी, ते त्याच्या सवडीवर. दुसरा एक नमुनाही मी पाहिला आहे, त्यात "सल्ला शुल्क, कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही" असं बारीक अक्षरात असतं.

या धंद्यात गॅरंटी म्हणावी अशी एकच गोष्ट आहे आणि ती एजन्सीने सरकारकडे ठेवलेली असते. लायसन्स घेताना मोठ्या एजन्सीला 50 लाखांची बँक गॅरंटी द्यावी लागते, 100 माणसांपर्यंतच पाठवणाऱ्या लहान एजन्सीला 8 लाखांची. तिकडे अडकलेल्या माणसाला परत आणायचा खर्च त्यातून वसूल करता येतो. तुमचा एजंट नोंदणीकृत नसेल तर तुमच्या मागे हे काहीच उभं नाही, स्टॅम्प कितीचाही असो.

व्हिसा मिळेलच याची गॅरंटी तर नोंदणीकृत एजन्सीही देऊ शकत नाही. व्हिसा त्या देशाचं सरकार देतं.

शिकायला जाणाऱ्यांसाठी एवढंच

एजंट शिक्षणाचा असेल तर ई-मायग्रेटची यादी उपयोगाची नाही, ती नोकरीच्या भरतीची आहे. तिथे तपासणी उलट टोकाने करायची, म्हणजे एजंटाला सोडून थेट कॉलेजकडे जायचं. प्रवेशपत्रावरचा विद्यार्थी क्रमांक घेऊन कॉलेजच्या स्वतःच्या साइटवरच्या ईमेलवर विचारा की हे पत्र तुमचंच का आणि फी कोणत्या खात्यात भरायची. कॅनडाला जायचं असेल तर कॉलेज त्यांच्या सरकारच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का बघा. फी एजंटाच्या खात्यात भरू नका. आणि व्हिसाच्या अर्जाची पूर्ण प्रत, जोडलेल्या प्रत्येक कागदासकट, स्वतःकडे ठेवा. त्यात खोटं बँक स्टेटमेंट लावलेलं असेल तर जबाब तुम्हाला द्यावा लागतो, एजंटाला नाही.

पैसे आधीच गेले असतील तर

आमच्या पोराचे 20,000 गेलेच होते. त्याने पहिल्यांदा रागाने एजंटाला फोन लावायला घेतला. मी थांबवलं. एकदा त्याला कळलं की तुम्ही तपासताय, की व्हॉट्सअॅपवरचे त्याचे मेसेज "हा संदेश हटवला आहे" असे दिसायला लागतात. आधी स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि तारीख दिसतील असे. व्हॉइस मेसेज दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवा. मूळ पासपोर्ट त्याच्याकडे असेल तर तो आधी काढून घ्या. अमिरातीचा व्हिसा इलेक्ट्रॉनिक असतो, त्यासाठी पासपोर्टचा स्कॅन पुरतो. "व्हिसाला लागतो" हे कारण तिथे चालत नाही.

पैसे ऑनलाइन आणि नुकतेच गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ते गोठवता येतात. परदेशी नोकरीबद्दल विचारायला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर 1800 11 3090 आहे. माणूस आधीच तिकडे पोचून अडकला असेल तर अमिरातीतून 800 46342 वर भारतीय दूतावासाचं केंद्र मिळतं, आणि इथून घरचे `madad.gov.in` वर तक्रार टाकू शकतात.

पोलिसांकडे लेखी तक्रार करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. उत्प्रवासन कायद्याखाली खटला चालवायला केंद्र सरकारची मंजुरी लागते, पण फसलेल्याने स्वतः किंवा त्याच्या वतीने आई, बाप, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण किंवा पालकाने तक्रार केली असेल तर ती लागत नाही. सरपंचाच्या किंवा एखाद्या संघटनेच्या लेटरहेडवरून गेलेला अर्ज वजनदार वाटतो, पण तक्रारदार म्हणून नाव घरच्याचंच असू द्या. तक्रारीत "दुबईत इलेक्ट्रिशियनची नोकरी लावून देतो असं सांगून, लायसन्स नसताना, अमुक तारखेला एवढे पैसे घेतले" हे शब्द सरळ लिहा. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, त्याच्यासोबत उत्प्रवासन कायद्याचाही उल्लेख करायला सांगा. त्या कायद्यातला दंड जुना, अवघा दोन हजारांपर्यंतचा आहे, पण दोन वर्षांपर्यंतची कैदही आहे. त्याचं नाव आलं की "उसनवारी" म्हणून प्रकरण मिटवणं अवघड जातं.

पोराच्या आईच्या नावाने अर्ज आम्ही त्याच दुपारी टाइप केला. ठाण्यातून एजंटाला फोन गेला आणि तिसऱ्या दिवशी त्याच वहिनीच्या खात्यावरून 15,000 परत आले. उरलेले पाच "व्हिसाचा खर्च झाला" म्हणून त्याने दिले नाहीत. टुरिस्ट व्हिसाचा खर्च मात्र त्याने बरोबर सांगितला होता.

सोमवार गेला, मंगळवारी पोरगा पुन्हा आला. या वेळी त्याने स्वतः ई-मायग्रेटवरून तीन एजन्सींची नावं आणि फोन वहीत उतरवून आणले होते. त्यातल्या एकीचा नागपूरला इंटरव्ह्यू होता. वायरिंगची ट्रेड टेस्ट घेणार होते, आणि पैशाचं विचारलं तर "निवड झाल्यावर बोलू" म्हणाले. त्याला फक्त आयटीआयच्या मार्कशीटची झेरॉक्स पाहिजे होती.